ओळख सांगताना सुरुवात ‘सध्या’पासून की गावापासून?

*ताई, मी इचलकरंजीची, वय ३०. बीएस्सी झाल्यावर तीन वर्षं कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये होते, मग वडिलांच्या आजारपणात दोन वर्षं घरी, आणि आता चार हंगाम साखर कारखान्यात केमिस्ट. या महिन्यात पुण्याजवळच्या एका फळप्रक्रिया कंपनीत क्वालिटीसाठी मुलाखत आहे, माझ्या जुन्या शाळेत दहावीच्या मुलींसमोर बोलायचंय आणि घरच्यांनी वधूवर मेळाव्यात नाव घातलंय. तिन्हीकडे ‘स्वतःबद्दल सांगा’. मैत्रीण म्हणते, आधी सध्याचं सांग, मग मागचं, मग पुढचं. तसं बोलले की मधली दोन वर्षं लपवल्यासारखं वाटतं. क्रमाने सांगावं, तर मागच्या मुलाखतीत बारावीपर्यंत येताच साहेबांनी विचारलं, ‘बरं, सध्या काय करता?’ एकच पद्धत पक्की करायची तर कोणती?*

*– एक केमिस्ट*

प्रिय मैत्रिणी,

त्या साहेबांनी मध्येच थांबवलं याचं तुला वाईट वाटलं असेल, पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला तेच वाटलं. मी बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसले आहे, तेव्हा असा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न तू बोलायच्या आधीपासूनच असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत बाकीचं सगळं त्याच्या कानावरून जातं. नोकरी देणाऱ्याचा प्रश्न असतो, ‘ही आमचं काम करू शकेल का?’ तू दहावी, बारावी सांगत होतीस तेव्हा ते त्याचीच वाट बघत होते, आणि शेवटी त्यांनी तो विचारूनच टाकला.

म्हणून ‘एकच पद्धत पक्की करायची तर कोणती’ याचं उत्तर मी देणार नाही. तुझ्या तीन ठिकाणी तीन वेगळे प्रश्न बसलेले आहेत. पण आधी, क्रमाने सांगायची आपल्याला एवढी सवय का असते ते बघू. ते कळलं की ती सवय कुठे वापरायची आणि कुठे आवरायची हे तुझं तुलाच उमजेल.

शाळेत आपण ‘माझे नाव अमुक, मी अमुक गावात राहतो’ असं म्हणत ओळख करून द्यायला शिकतो. पुढे लग्नाचा बायोडेटा जन्मतारीख, जन्मवेळ, रास यांनी सुरू होतो. पण याहून मोठं कारण आपल्या भाषेतच आहे. मराठीत एकामागून एक घडलेल्या गोष्टी ‘-ऊन’ लावून सहज ओवता येतात. ‘दहावी होऊन, सायन्सला जाऊन, बीएस्सी करून मी प्रोसेसमध्ये लागले.’ वाक्य कुठे अडखळत नाही, कानाला गोड लागतं. पण मुख्य क्रियापद येतं अगदी शेवटी, आणि तोपर्यंतच्या सगळ्या गोष्टी एकाच मापाच्या होतात. दहावी पास होणं आणि तीन वर्षं लॅबमध्ये काढणं, दोन्ही त्या माळेतले सारखेच मणी. यातलं महत्त्वाचं काय, हे ऐकणाऱ्याला कळायला काहीच खूण उरत नाही. तू सांगितलेली ओळख कागदावर उतरव आणि ‘होऊन, करून, जाऊन, घेऊन’ यांच्याखाली रेघा मार. एका वाक्यात दोनापेक्षा जास्त रेघा आल्या, तर ते वाक्य तोडायचं. कोणताही क्रम निवडलास तरी हे करावंच लागेल.

आता मुलाखत.

तिथे मैत्रीण सांगते तोच क्रम घे, आधी सध्याचं, मग मागचं, मग पुढचं. मात्र या तिन्ही भागांत लोक ठरावीक जागी घसरतात, आणि तुझ्या बाबतीत पहिलीच जागा निसरडी आहे. मुलाखत या महिन्यात आहे, म्हणजे गाळप बंद असताना. ‘सध्या मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे’ असं म्हणालीस आणि पुढचा प्रश्न ‘आज सुट्टी टाकून आलात का?’ असा आला, तर पहिलंच वाक्य सावरत बसावं लागेल. म्हणून काम हंगामी आहे हे तूच सांग, पहिल्या चार-पाच वाक्यांत, सहज.

‘सध्या’ म्हणजे हुद्दा, हा दुसरा गैरसमज. ‘शिफ्ट केमिस्ट’ या दोन शब्दांतून फळांचा गर काढणाऱ्या माणसाला काय कळणार? तुझ्या हाताला कोणतं काम येतं ते त्याला दिसायला हवं. पत्रासोबत तू जे सविस्तर टिपण पाठवलंस, त्यात एका रात्रपाळीचा प्रसंग आहे. बगॅसचा पोल, म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यातली साखर, एरवी २ टक्क्यांच्या आसपास असायचा, तो २.६ आला. तू लगेच फोन केला नाहीस. नमुना पुन्हा काढलास, पुन्हा तपासलास, आकडा तोच आला, आणि मग मिल हाऊसला कळवलंस की चोथ्यातून साखर वाया चालली आहे. हा प्रसंग तू टिपणाच्या अगदी शेवटी, ‘इतर’ या मथळ्याखाली टाकला आहेस! तपासणीच्या कामात आकडा संशयास्पद आला की माणूस काय करतो, यावरच त्याची पारख होते. काही जण घाबरून तो दडपतात, काही जण खात्री न करताच गडबड उडवून देतात. तू काय केलंस हे त्यांना पहिल्या अर्ध्या मिनिटात कळू दे.

मागच्या भागात लोक पुन्हा दहावीपासून सुरू करतात. मग तीच जुनी माळ, फक्त वर ‘सध्या’चं झाकण. या क्रमातला भूतकाळ निवडून घ्यायचा असतो. आत्ता जे सांगितलं ते कुठून आलं, याचं उत्तर देणारा तेवढाच. तुझ्या बाबतीत ते प्रोसेस हाऊस. तिथे तू लॅब डिप काढायचीस, कापडाचा छोटा तुकडा रंगवून गिऱ्हाइकाच्या शेडशी जुळतो का ते बघायचीस. कापडाचा रंग आणि उसाचा रस यांचा वरवर काही संबंध नाही, पण दोन्हीकडे छोट्या नमुन्यावरून मोठ्या मालाबद्दल बोलायचं असतं. नमुना चुकला की पुढचं सगळंच चुकलं. ही शिस्त तुला कारखान्यात जायच्या आधी लागली, आणि मागे जायचं ते एवढ्यासाठीच. एक लक्षात ठेव, मागे एकदाच जायचं. ‘सध्या कारखान्यात, त्याआधी प्रोसेसमध्ये, आणि हो, कारखान्यात मी हेही करते’ असं पुढे-मागे झालं की ऐकणाऱ्याचा धागा तुटतो आणि तो समोरच्या कागदावर वर्षं शोधायला लागतो. त्याची नजर तुझ्यावरून बायोडेटाकडे गेली, की समज तो हरवलाय.

पुढच्या भागात ‘मला आपल्या नामांकित कंपनीत शिकायची संधी मिळावी’ हे वाक्य कृपा करून नको. ते कुणीही कुठेही म्हणू शकतं. तुझ्याजवळ याहून चांगलं आहे. फळांच्या गराचाही ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण बघतात, तू रसाचा बघतेस तसाच. तोच शब्द, तेच तंत्र, पदार्थ तेवढा वेगळा. आणि जे येत नाही तेही याच भागात सांग. खाद्यपदार्थांत सूक्ष्मजीवांची तपासणी लागते, ती तू कधी केलेली नाहीस. ते लपवून ठेवलंस तर तिसऱ्या प्रश्नात उघडं पडेल. ‘पुढे’च्या भागात सांगितलंस तर ती शिकायची गोष्ट होते.

सगळं जोडून तुझ्या तोंडी ते साधारण असं येईल:

‘मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये शिफ्ट केमिस्ट म्हणून चार हंगाम केलेत. रस, बगॅस आणि मोलॅसिसचे नमुने काढणं, ब्रिक्स आणि पोल बघणं, आकडा बिघडला तर नमुना पुन्हा तपासून मिल हाऊसला कळवणं, हे माझं काम. यंदा एका रात्रपाळीत बगॅसचा पोल २.६ आला. मी दुसरा नमुना काढून खात्री केली आणि मगच फोन केला. काम हंगामी आहे, यंदाचं गाळप मार्चमध्ये संपलं. नमुन्याची ही शिस्त मला आधीच्या नोकरीत लागली. इचलकरंजीत प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये २०१६ ते २०१९ मी लॅब डिप काढायचे. मग २०१९ ते २०२१ वडिलांच्या आजारपणात मी घरी होते, तेव्हा बारावीच्या रसायनाच्या शिकवण्या घेतल्या. आता मला बारा महिने चालणाऱ्या प्लँटमध्ये काम करायचंय. तुमच्याकडे गराचा ब्रिक्स बघतात, ते काम मला नवं नाही. सूक्ष्मजीव तपासणी मी अजून केलेली नाही, ती शिकायची आहे.’

मी हे घड्याळ लावून मोठ्याने वाचलं, एक मिनिट आणि थोडे सेकंद लागतात. मुलाखतीत ओळखीला एवढा वेळ पुरतो. दीड मिनिटाच्या पुढे गेलीस, तर बहुतेक वेळा भूतकाळच फुगलेला असतो. कात्री तिथे लाव.

त्या दोन वर्षांबद्दल थोडं थांबून बोलायचंय, कारण तुझ्या पत्राचं खरं ओझं तेच आहे असं मला वाटलं. तू धरून चालली आहेस की क्रमाने सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा आणि सध्यापासून सांगणं म्हणजे काहीतरी झाकणं. खोटेपणा क्रमात नसतो, तो गाळलेल्या वर्षांत असतो. वरच्या मजकुरात २०१६ ते २०१९, मग २०१९ ते २०२१, मग चार हंगाम. बेरीज केली तर एकही वर्ष गहाळ नाही. ‘वडिलांच्या आजारपणात मी घरी होते’ एवढं एकच वाक्य आहे, आणि ते त्याच्या जागी, प्रोसेस हाऊसच्या नोकरीनंतर लगेच आलंय. त्याला ‘दुर्दैवाने’ लावू नकोस, ‘पण मी वेळ वाया घालवला नाही’ अशी पुस्तीही जोडू नकोस. ज्या वाक्यात आपण सफाई देतो, तिथेच समोरचा खोदायला लागतो. कुणी पुढे विचारलंच, तर वडिलांना काय झालं होतं आणि आता घरी कोण बघतं हे दोन वाक्यांत सांग आणि थांब. ‘आता घरी कोण बघतं’ हे मात्र तयार ठेव. इचलकरंजी सोडून पुण्याकडे येणाऱ्या मुलीबद्दल त्यांना ही शंका असते, ती तोंडावर विचारतीलच असं नाही.

आणखी एक. टेबलापलीकडे बहुधा एकटा माणूस नसेल. लॅबचा प्रमुख ‘पोल’ म्हटल्यावर मान हलवेल, पण भरती बघणाऱ्या बाई कोऱ्या चेहऱ्याने बसतील. त्यांच्यासाठी क्रम बदलायला नको, एक शब्द बदल. ‘पोल, म्हणजे चोथ्यात राहून गेलेली साखर’ असं एकदाच म्हण. दोघांचंही काम होतं.

याचा अर्थ नोकरीच्या मुलाखतीत काळाच्या क्रमाने कधीच सांगू नये असा नाही. एक उमेदवार मला चांगला आठवतो. आयटीआय करून एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला, तिथेच ऑपरेटर झाला, मग सेटर, मग शिफ्टचा सुपरवायझर. त्याने पहिल्या दिवसापासून सांगितलं आणि आम्ही कुणी त्याला थांबवलं नाही. त्याची वाटच त्याची लायकी सांगत होती. मशीनखालचं तेल पुसण्यापासून माणसं सांभाळण्यापर्यंत प्रत्येक पायरी त्याने स्वतः चढलेली होती, आणि सुपरवायझरच्या जागेला आम्हाला तेच हवं होतं. शिडी सरळ असेल आणि एकेक पायरी पुढच्या पायरीचं कारण असेल, तर तळापासून सुरू करावं. तुझी वाट कापडातून घरी आणि घरून साखरेकडे गेलेली आहे. ती तळापासून सांगितली तर ऐकणारा प्रत्येक वळणावर ‘असं का?’ म्हणत राहील. सध्यापासून सांगितली की तीच वळणं आपोआप जुळतात, कारण शेवट त्याला आधीच माहीत असतो.

आता शाळा. इथे मैत्रिणीचा सल्ला बाजूला ठेव.

दहावीच्या मुलींच्या मनात ‘ही काय काम करते?’ हा प्रश्न नसतो. त्यांना जाणून घ्यायचं असतं, ‘ही आमच्यासारखीच होती का? मग तिथे पोचली कशी?’ त्याचं उत्तर फक्त क्रमाने देता येतं. तू ‘मी शिफ्ट केमिस्ट आहे’ असं सुरू केलंस की तुझ्यात आणि पहिल्या बाकात एक भिंत उभी राहते, तू पाहुणी होतेस. त्यांच्याच बाकावरून सुरू केलंस तर त्या तुझ्याबरोबर चालायला लागतात.

पण क्रमाने म्हणजे सगळंच नव्हे. तीन थांबे घे: दहावीचा वर्ग, २०१९, आणि कारखान्यातली पहिली रात्रपाळी. मधली वर्षं एकेका वाक्यात ओलांड. ज्या वळणावर तुला ठरवावं लागलं, तिथे मात्र रेंगाळ.

‘२०११ साली मी याच वर्गात बसायचे. माझे वडील यंत्रमागावर होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत कापसाची तुसं असायची, आणि मी शाळेत निघायच्या आधी ती काढून द्यायचे. मला रसायन आवडायचं, पण त्यात नोकरी असते हे माहीत नव्हतं. बीएस्सी झाले, प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये लागले. वडिलांच्या शर्टाचं कापड रंगतं कसं ते मला तिथे कळलं. २०१९ ला बाबा आजारी पडले. नोकरी सोडायची की नाही, यावर घरात तीन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मी सोडली.’

इथे थांब. श्वास घे. त्या मुलींपैकी काहींच्या घरी असंच काही चाललेलं असेल, आणि त्यांना पुढचं ऐकायचं असेल. मग शिकवण्या, मग कारखान्याची जाहिरात, मग पहिली रात्रपाळी. मुलाखतीत जी दोन वर्षं एका वाक्यात गेली, ती इथे बोलण्याच्या मधोमध येतात. माणूस तूच, वर्षंही तीच, पण जागा बदलली की वजन बदललं.

क्रमाने सांगण्यात एक मोडतोड हमखास होते आणि ती तुझ्या हातात नसते. बाई तुझी ओळख करून देताना आधीच सांगून टाकतात, ‘आज आपल्यासोबत साखर कारखान्यातल्या केमिस्ट आहेत.’ गोष्टीचा शेवट सुरुवातीलाच फुटला. आदल्या दिवशी फोन करून सांग की फक्त नाव आणि ‘आपली माजी विद्यार्थिनी’ एवढंच म्हणा. बाई आनंदाने ऐकतील. आणि आजच्या दिवसापर्यंत आलीस की गोष्ट तिथेच संपव. शेवटी उपदेश जोडलास तर मुली घड्याळाकडे बघतील. त्यापेक्षा ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर घेऊन जा, उसाच्या रसाचा एक थेंब त्यावर ठेव आणि एकेकीला आतला आकडा वाचू दे.

वधूवर मेळाव्याबद्दल तू फारसं लिहिलं नाहीस, पण माईकसमोर साधारण मिनिटभर मिळतो आणि तो सगळ्यात गोंधळाचा मिनिट असतो. तिथे दोन्ही पद्धती जशाच्या तशा चालत नाहीत. समोरच्या कुटुंबांचा पहिला प्रश्न असतो ‘कुठली? घरचे कोण?’ आणि शेवटचा ‘लग्नानंतर काय?’ मधला भूतकाळ त्यांना जवळजवळ नको असतो, शिवाय अनेकांच्या हातात पुस्तिका असते आणि त्यात तुझं शिक्षण, उंची, जन्मतारीख छापलेली असते. तेच मोठ्याने वाचू नकोस. म्हणून इथे गाव आणि घर दोन वाक्यांत, मग सध्याचं काम, आणि उरलेला अर्धा मिनिट पुढच्याला:

‘मी मूळची इचलकरंजीची. घरी आई, बाबा आणि धाकटा भाऊ. बाबा यंत्रमागावर होते, आता घरी असतात. मी केमिस्ट आहे, चार वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते आहे. पुढे पुण्याच्या बाजूला नोकरी करायचा विचार आहे, आणि लग्नानंतरही ती करणार आहे. आईबाबांची जबाबदारी भावाबरोबर मीही घेते, ती पुढेही घेईन.’

शेवटची दोन वाक्यं म्हणायला जड जातील. मला माहीत आहे, घरचे म्हणतील ‘हे आत्ताच कशाला?’ पण ज्यांना ते मान्य नाही त्यांनी तुझ्यापर्यंत न आलेलंच बरं, आणि ज्यांना मान्य आहे ते पुस्तिकेत तुझ्या नावापुढे खूण करतील. इथे ‘पुढे’ हाच गाभा आहे. ‘गोड स्वभाव, स्वयंपाकाची आवड’ यांत तो अर्धा मिनिट खर्च करू नकोस.

तुझ्यासारखी आणखी काही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांनाही इथेच दोन शब्द. ज्यांनी नुकतंच शिक्षण संपवलंय, त्यांना ‘सध्या’ काहीच नाही असं वाटतं. त्यांचं सध्याचं म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिप, तिथून सुरू करा. ज्यांची नोकरी सुटली आहे त्यांनी ‘सध्या घरी आहे’ हे पहिलं वाक्य करू नये. ‘मी दहा वर्षं अकाउंट्स बघितलेत, शेवटची चार वर्षं जीएसटीची रिटर्न्स माझ्याकडे होती’ असं कामापासून सुरू करावं आणि नोकरी कधी सुटली ते चौथ्या-पाचव्या वाक्यात तारखेसह सांगावं. लोकसेवा आयोगाच्या तयारीतल्या मुलांनी वेगळा विचार करायला हवा. केंद्रीय आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत व्यक्तिमत्त्व चाचणी २७५ गुणांची असते आणि सदस्यांसमोर तुमचा सविस्तर अर्ज असतोच. त्यांनी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं, तर अर्जातल्या नोंदी त्याच क्रमाने परत म्हणून दाखवण्यात काहीच मिळत नाही. अर्जात ज्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत पण त्यांचा संबंध दिसत नाही, तो जोडून दाखवा.

मैत्रिणी, आता तुला करायचं ते एवढंच. मुलाखतीची ओळख भावाला ऐकव, पण पाठ केलेली नको. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं ठरलेलं असू दे. संपल्यावर ‘कसं वाटलं?’ विचारू नकोस, तो ‘छान’ म्हणेल. त्याऐवजी त्याला म्हण, ‘तुझ्या मनात पहिला प्रश्न कोणता आला?’ त्याने ‘पण सध्या नक्की काय करतेस?’ विचारलं, तर पहिला भाग अजून हुद्द्यातच अडकलाय. ‘मधल्या वर्षांत कुठे होतीस?’ विचारलं, तर ते वाक्य तू पुटपुटलीस. आणि ‘२.६ आला तेव्हा मिल हाऊसवाले काय म्हणाले?’ असं विचारलं, तर जमलं, कारण आता त्याला तुझ्या कामाबद्दल ऐकायचंय. तेव्हा ते खरंच काय म्हणाले होते, हे तू मला कळवलं नाहीस. मुलाखतीत हा प्रश्न येईल, त्याचं उत्तर आजच लिहून ठेव.

तुझी,
ताई